चेक डिजिट तपासा, पण नंबर परत बोलू नका

फॉर्ममध्ये ओळख क्रमांक टाकताना एखादा अंक चुकला, तर पुष्कळदा लगेच लाल अक्षरांत सूचना येते: ‘क्रमांक अवैध आहे’. तुमचा क्रमांक खरोखर कुणाला दिलाय का, हे त्या क्षणी कुठल्याही यादीत शोधलेलं नसतं. क्रमांकातले अंकच एकमेकांशी जुळत नाहीत, एवढंच कळलेलं असतं. क्रमांकाचा शेवटचा अंक बाकीच्या अंकांवरून हिशेब करून ठरवलेला असतो, त्याला चेक डिजिट म्हणतात. तो हिशेब परत केला आणि उत्तर जुळलं नाही, की टाइप करताना काहीतरी घोटाळा झाला हे नक्की.

हिशेब सोपा आहे. अवघड भाग त्यानंतर येतो, आणि तिकडे फारसं कुणी बघत नाही. ‘जुळलं’ किंवा ‘जुळलं नाही’ एवढंच सांगायचं असताना बऱ्याच प्रणाली सवयीने अख्खा क्रमांकच परत सांगतात. कधी स्क्रीनवर, कधी लॉगमध्ये, कधी ‘चुकीच्या नोंदी’ नावाच्या वेगळ्या फाइलमध्ये. ज्या कामासाठी क्रमांक क्षणभर बघणं पुरेसं होतं, त्या कामातून त्याच्या चार-पाच प्रती तयार होतात. हे टाळता येतं, आणि त्यासाठी फार काही करावंही लागत नाही. पण आधी हिशेब नीट समजून घेऊ, कारण क्रमांक कुठून कसा गळतो हे त्या हिशेबातच दडलेलं आहे.

हिशेब कसा चालतो

चेक डिजिटच्या अनेक पद्धती आहेत. इथे लूनची पद्धत घेतो. आयबीएममधले अभियंते हान्स पीटर लून यांनी १९५४ साली एका छोट्या यांत्रिक उपकरणाच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. पेटंट १९६० मध्ये मिळालं. आज बँकांच्या कार्डांवरचे नंबर आणि मोबाइल हँडसेटचा आयएमईआय याच पद्धतीने तपासले जातात.

आपण एक काल्पनिक दहा अंकी क्रमांक घेऊ: `4820951376`. यातला शेवटचा ६ हा चेक डिजिट. उजवीकडून डावीकडे जायचं. चेक डिजिट आहे तसा ठेवायचा, त्याच्या शेजारच्या अंकाची दुप्पट करायची, पुढचा तसाच, त्याच्या पुढच्याची दुप्पट, असं एकाआड एक. दुप्पट दोन अंकी आली तर तिचे दोन अंक एकमेकांत मिळवायचे.

करून बघू. ६ तसाच. ७ ची दुप्पट १४, म्हणजे १ आणि ४ मिळून ५. ३ तसाच. १ ची दुप्पट २. ५ तसाच. ९ ची दुप्पट १८, म्हणजे ९. शून्य तसंच. २ ची दुप्पट ४. ८ तसाच. ४ ची दुप्पट ८. आता बेरीज: ६, ५, ३, २, ५, ९, ०, ४, ८, ८ मिळून ५०. बेरजेच्या एकम स्थानी शून्य आलं, म्हणजे हिशेब जुळला.

आता समजा टाइप करणाऱ्याने ३ च्या जागी ८ मारला: `4820951876`. बेरीज ५५ होते, जुळत नाही. किंवा ३७ चं ७३ झालं: `4820951736`. बेरीज पुन्हा ५५, हेही पकडलं जातं. एकच अंक चुकला असेल तर ही पद्धत तो हमखास पकडते. याचं कारण असं की दुपटीच्या नियमाने ० ते ९ या दहा अंकांची दहा वेगवेगळी उत्तरं येतात (अनुक्रमे ०, २, ४, ६, ८, १, ३, ५, ७, ९), कुठलेही दोन अंक एकाच उत्तरावर येत नाहीत. म्हणून एक अंक बदलला की बेरजेचं एकम स्थान बदलणारच.

शेजारच्या दोन अंकांच्या अदलाबदलीचं मात्र तसं नाही. वरच्या ओळीत बघा, ० ची दुप्पट ० आणि ९ ची ९. दुप्पट केली काय, न केली काय, या दोघांना फरक पडत नाही. त्यामुळे ०९ चं ९० झालं तर बेरीज तीच राहते. आपल्या क्रमांकात ०९ आहेच. `4829051376` ची बेरीज करून बघा, ५० च येते. जोडअंकांच्या काही चुकाही अशाच निसटतात: २२ चं ५५, ३३ चं ६६, ४४ चं ७७. या उणिवांवर १९६९ साली डच गणितज्ञ फेर्हूफ यांनी जास्त कडक पद्धत काढली. ती शेजारच्या अंकांची प्रत्येक अदलाबदल पकडते, पण हातावर करायला किचकट आहे.

आणखी एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो, पुढे ती लागणार आहे. उगाच मनाने दहा अंक लिहिले, तरी दहातून एकदा हिशेब जुळतो. म्हणजे चेक डिजिट जुळणं याचा अर्थ ‘टाइप करताना बहुधा चूक झालेली नाही’ इतकाच. क्रमांक अस्तित्वात आहे, समोरच्याचाच आहे, यातलं काहीही त्यावरून सिद्ध होत नाही. ‘व्हॅलिड’ हा शब्द निकालात लिहिला की वाचणारा नेमका हाच अर्थ काढतो. म्हणून मी तो शब्द टाळतो.

नंबर न साठवता बेरीज

उजवीकडून सुरुवात करायची म्हणजे आधी पूर्ण क्रमांक हातात हवा, असं वाटतं. खरं तर नको. अंक डावीकडून एकेक येत असताना, आणि एकूण किती येणार हे माहीत नसतानाही, हिशेब करता येतो.

युक्ती अशी. दोन बेरजा सोबत चालवायच्या. पहिली बेरीज धरून चालते की आत्ता आलेला अंक शेवटचा आहे, म्हणून तो तसाच घ्यायचा. दुसरी धरून चालते की याच्यापुढे अजून एक अंक आहे, म्हणून याची दुप्पट घ्यायची. नवा अंक आला की दोघी जागा बदलतात: नवी पहिली म्हणजे जुन्या दुसरीत हा अंक मिळवून आलेली, नवी दुसरी म्हणजे जुन्या पहिलीत याची दुप्पट मिळवून आलेली. दर वेळी फक्त एकम स्थान ठेवायचं. अंक संपले की पहिली बेरीज शून्य आहे का, एवढं बघायचं.

आपल्या क्रमांकाचे पहिले दोन अंक घेऊ. ४ आला: पहिली बेरीज ४, दुसरी ८. मग ८ आला: पहिली होते ८ अधिक ८, म्हणजे १६, त्यातले ६ ठेवले, दुसरी होते ४ अधिक (८ ची दुप्पट १६, म्हणजे) ७, म्हणजे ११, त्यातला १ ठेवला. असं करत दहावा अंक संपला की पहिली बेरीज शून्यावर येते.

```python
DUPPAT = (0, 2, 4, 6, 8, 1, 3, 5, 7, 9)

def tapas(akshare, lambi=10):
    a = b = n = 0
    for c in akshare:
        if c in " -":
            continue
        d = "0123456789".find(c)
        if d < 0:
            return "CHARSET"
        a, b = (b + d) % 10, (a + DUPPAT[d]) % 10
        n += 1
    if n != lambi:
        return "LENGTH"
    return "OK" if a == 0 else "CHECK"
```

या फंक्शनच्या हातात कुठल्याही क्षणी दोन एक-अंकी बेरजा, किती अंक मोजले ते, आणि समोरचा एक अंक एवढंच असतं. त्यावरून मागचा क्रमांक कुणालाही उभा करता येणार नाही. अर्थात ज्याने हे फंक्शन बोलावलं, त्याच्याकडे क्रमांक असतोच, आणि प्रोग्रामच्या मेमरीत तो काही काळ राहतोही. पायथनमध्ये स्ट्रिंग हवी तेव्हा पुसून टाकता येत नाही. तेव्हा ‘साठवत नाही’ म्हणजे आपण स्वतःहून कुठे लिहून ठेवत नाही, इतपतच हा दावा घ्यावा.

लांबी तपासणं इथे शोभेपुरतं नाही. क्रमांकाची सुरुवात शून्याने होत असेल आणि ते शून्य गळालं, तर लूनच्या बेरजेला ते कळतच नाही, कारण शून्याने बेरजेत काही भर घातलेलीच नसते. नऊ अंकांचा तुटका क्रमांकसुद्धा झोकात पास होतो. आणि दहाही शून्यं टाकली तर? तीही पास. बेरीज शून्य, एकम स्थान शून्य, सगळं जुळतं. प्रत्यक्षात असा क्रमांक कुणाला देत नसतील, तर तो वेगळा नियम करून अडवावा लागतो.

निकालात काय असावं

फंक्शन चारच गोष्टी बोलू शकतं: `OK`, `CHARSET`, `LENGTH`, `CHECK`. अक्षर चालणारं नाही, लांबी चुकली, हिशेब जुळला नाही, किंवा सगळं ठीक. हे चारही शब्द क्रमांक येण्याआधीच लिहून ठेवलेले आहेत. समोर कुठलाही क्रमांक आला तरी पाचवा शब्द बाहेर पडूच शकत नाही.

माझ्या मते या सगळ्या विषयातला हा एकच नियम पाठ करण्यासारखा आहे: निकाल आधीच ठरलेल्या मोजक्या शब्दांतूनच यावा. निकालाचं वाक्य तयार करताना त्यात आलेल्या क्रमांकातलं काहीही घालायची सोय ठेवली, की ‘एवढं चालेल, तेवढं चालेल’ सुरू होतं. आणि जे ‘चालेल’ वाटतं, ते बहुतेकदा चालण्यासारखं नसतं. तीन उदाहरणं बघा, तिन्हींमागे हेतू चांगलाच असतो.

पहिलं, मदत म्हणून बरोबर चेक डिजिट सांगणं. `4820951876` या चुकीच्या क्रमांकावर प्रणालीने उत्तर दिलं की ‘शेवटचा अंक १ हवा होता’. हिशेबाच्या दृष्टीने ते खरंही आहे. पहिले नऊ अंक बरोबर धरले तर चेक डिजिट १ च येतो. पण चूक शेवटच्या अंकात नव्हतीच, ती आठव्या अंकात होती. समोरचा माणूस घाईत आहे, सूचना स्पष्ट आहे, तो शेवटचा ६ खोडून १ करतो. आता क्रमांक झाला `4820951871`. हिशेब जुळतो, फॉर्म पुढे सरकतो, आणि एका जागी चुकलेला क्रमांक आता दोन जागी चुकलेला आहे. जी तपासणी चूक पकडायला ठेवली होती, तिनेच ती चूक झाकून दिली. शिवाय हवा तो क्रमांक जुळवून देणारं यंत्रही फुकटात मिळालं, ते वेगळंच.

दुसरं, झाकलेला क्रमांक दाखवणं. `48209*1376` असं दाखवलं की एक अंक तरी लपला, असं वाटतं. काहीही लपलेलं नाही. दिसणाऱ्या अंकांची बेरीज ४५ येते, ती ५० व्हायला ५ कमी पडतात, म्हणजे ताऱ्याखाली ५ आहे. चेक डिजिट असलेल्या क्रमांकातला कुठलाही एक अंक झाका, तो बाकीच्यांवरून काढता येतो. चेक डिजिट त्याचसाठी तर आहे. जास्त अंक झाकले तर अडचण वाढते, पण वाटते तितकी नाही. शेवटचे चार दाखवून पहिले सहा झाकले, तर दहा लाख शक्यता असतात असं आपण धरतो. शेवटच्या चारांत चेक डिजिट असल्यामुळे त्या एक लाखच उरतात. एका अंकाएवढं झाकण दर वेळी वाया जातं. माणसाला स्वतःचा क्रमांक ओळखता यावा म्हणून शेवटचे अंक दाखवणं वेगळं. तो निर्णय दुसऱ्या कामाचा आहे. तपासणीच्या निकालाला त्याची गरज नसते.

तिसरं उदाहरण तांत्रिक मंडळींचं आवडतं: क्रमांक नको, त्याचा हॅश लिहू. हॅश उलटा फिरवता येत नाही हे खरं आहे. पण उलटा फिरवायची गरजच नसते. आपल्या दहा अंकी क्रमांकात चेक डिजिट वगळला तर नऊ अंक उरतात, म्हणजे एकूण शंभर कोटी शक्य क्रमांक. माणसाला हा आकडा मोठा वाटतो, संगणकाला नाही. सगळ्या शंभर कोटींचे हॅश काढून आपल्याकडच्या हॅशशी जुळवणं हे साध्या संगणकाचंही थोड्या वेळाचं काम आहे. इथेही चेक डिजिट चोराच्या मदतीला येतो, कारण त्याने दहातले नऊ क्रमांक आधीच बाद करून ठेवलेले असतात. दोन ठिकाणच्या नोंदी जुळवण्यासाठी खूण हवीच असेल, तर क्रमांकाशी काहीही संबंध नसलेली खूण द्यावी: फाइलमधला ओळीचा नंबर, किंवा विनंती आली तेव्हा तयार केलेला यादृच्छिक संदर्भ.

न बोलावता बोलणारे

आपण निकालात काही लिहिलं नाही तरी क्रमांक बाहेर पडू शकतो, कारण आपल्या वतीने बोलणारे बरेच जण असतात. सगळ्यात बोलका म्हणजे एरर मेसेज.

अंकांची बेरीज करायची म्हणून कुणी सरळ पूर्ण क्रमांकावर `int()` चालवलं, आणि आलेल्या क्रमांकात ५ च्या जागी चुकून इंग्रजी एस पडला होता. पायथन काय म्हणतो ते बघा:

```
ValueError: invalid literal for int() with base 10: '48209S1376'
```

अख्खा क्रमांक, अवतरण चिन्हांत. कोड लिहिणाऱ्याने एक ओळही छापलेली नाही, तरी हा मेसेज लॉगमध्ये जातो, तिथून एरर गोळा करणाऱ्या सेवेकडे, आणि तिथून कुणाच्या तरी ईमेलमध्ये. एका अक्षराची चूक असल्यामुळे मूळ क्रमांक ओळखायलाही काही लागत नाही. एस म्हणजे ५ हे कुणीही सांगेल, आणि नाही सांगितलं तर चेक डिजिट सांगेल. लॉगमधले सलग दहा अंक शोधून झाकणारी चाळणी बसवली असेल, तरी ती इथे कामाची नाही, कारण इथे सलग दहा अंक नाहीतच. चाळणी बरोबर लिहिलेले क्रमांक पकडते. तपासणीत एरर देतात ते चुकीचे लिहिलेले.

म्हणूनच वरच्या फंक्शनमध्ये `int()` नाही. प्रत्येक अक्षर दहा अंकांच्या ओळीत शोधलं, सापडलं नाही तर `CHARSET` म्हणून परत. एरर उडायला जागाच नाही. `isdigit()` ने आधी तपासून घेऊ, असंही कुणी म्हणेल. पण पायथनचं `isdigit()` वर लिहिलेल्या छोट्या दोनालाही (²) अंक मानतं, आणि त्याच अक्षरावर `int()` एरर देतं. देवनागरी अंकांना तर दोघंही अंकच मानतात. `४८२०` असं टाइप केलेलं स्वीकारायचं की नाही, हा तुमचा निर्णय. स्वीकारायचं असेल तर आधी ते अंक बदलून घ्या. पण तो निर्णय घेतलेला असावा, आपोआप झालेला नसावा.

डेटा तपासणाऱ्या तयार लायब्ररींचाही हाच स्वभाव असतो. ‘तुम्ही काय दिलं होतं’ हे दाखवणं त्यांना सोयीचं वाटतं, आणि बहुतेक वेळा ते असतंही. पायडँटिकच्या दुसऱ्या आवृत्तीत एररच्या मजकुरात `input_value=` म्हणून आलेली किंमत छापली जाते. `hide_input_in_errors=True` असं सेटिंग केलं की मजकुरातून ती जाते. पण एररची यादी `errors()` ने घेतली तर तिथे `input` मध्ये ती असते. तिथे `include_input=False` वेगळं सांगावं लागतं. एक दार लावलं म्हणून दुसरं लागत नाही. शिवाय एरर गोळा करणारी काही साधनं त्या क्षणी फंक्शनमध्ये कुठल्या चलात काय होतं, तेही उचलून नेतात. आपल्या `tapas` मध्ये `akshare` या नावाखाली क्रमांक आहेच. फंक्शन एरर देणार नाही याची काळजी घेतली, तशीच त्या साधनातली ही सोय या भागापुरती बंद ठेवणं बरं.

मग वेब पत्ता. `?number=4820951376` असं पत्त्यातून क्रमांक पाठवला, की तो ब्राउझरच्या इतिहासात आणि सर्व्हरच्या रोजच्या लॉगमध्ये आपोआप लिहिला जातो. तपासणीचा कोड कितीही सज्जन असला तरी. विनंतीच्या आतल्या भागात पाठवणं त्यापेक्षा बरं. त्याहून बरं म्हणजे पाठवूच नये. दोन बेरजांचा हिशेब ब्राउझरमध्येच होतो, त्यासाठी सर्व्हर लागत नाही. टाइप करताना झालेली चूक जिथल्या तिथे दाखवायची असेल, तर क्रमांक त्या खिडकीबाहेर जाण्याचं काही कारणच नाही.

हजारो नोंदी एकदम आल्या तर

एकेका क्रमांकाचं ठीक आहे. पण एखाद्या फाइलमध्ये हजारो नोंदी आल्या, त्यातल्या बऱ्याच नापास झाल्या, आणि तुमच्याकडे फक्त ओळ नंबर आणि चारातला एक शब्द आहे. काय बिघडलं ते कळणार कसं? इथे बहुतेकांचा संयम सुटतो आणि ते नापास क्रमांकांची वेगळी फाइल काढून डोळ्यांनी बघायला बसतात. बघायची फारशी गरज नसते. नापास किती आणि कशामुळे, यावरूनच पुष्कळ कळतं.

समजा दहातल्या साधारण एका नोंदीला `LENGTH` येतंय, बाकी सगळ्या `OK`. क्रमांकाचा पहिला अंक कुठलाही असू शकत असेल, तर दहातला एक क्रमांक शून्याने सुरू होणार. म्हणजे कुठेतरी क्रमांकाला संख्या समजून सुरुवातीची शून्यं उडवली गेली. क्रमांक हा मजकूर आहे, त्याची बेरीज-वजाबाकी कुणी करत नाही; तो रकाना मजकूर म्हणून ठेवायला सांगा.

किंवा उलट: लांबी सगळ्यांची बरोबर, पण दहातल्या नऊ नोंदींना `CHECK`. इतक्या चुका माणसं करत नाहीत. यादृच्छिक अंकांचा हिशेब दहातून एकदाच जुळतो हे वर आलंच होतं. इथे नेमकं तेच प्रमाण दिसतंय. म्हणजे चेक डिजिटचा बाकीच्या अंकांशी संबंधच तुटलाय. क्रमांक सोळा अंकी असेल तर पहिला संशय एक्सेलवर घ्यावा. एक्सेल संख्येचे पंधराच अंक नेमके ठेवतं, सोळाव्याच्या जागी शून्य टाकतं, आणि सोळावा अंक म्हणजेच चेक डिजिट. ज्या दहाव्या नोंदीचा चेक डिजिट मुळातच शून्य होता, ती तेवढी पास होते. सोळा अंकी नसेल, तर चुकीचा रकाना तपासला जातोय, किंवा त्या क्रमांकाची पद्धत लूनची नाहीच, हे बघावं.

आणि शंभरात एखाददुसरा `CHECK`, फाइलभर विखुरलेला, तर ती नेहमीची माणसांची चूक. ओळ नंबर ज्याने फाइल पाठवली त्याला परत द्यायचे. मूळ कागद त्याच्याकडे आहे, दुरुस्ती तिथेच व्हायला हवी. त्याच्याकडे क्रमांक आधीच आहे, तेव्हा तो आपण परत पाठवण्यात तसाही काही अर्थ नाही.

राहता राहिलं हे सगळं खरोखर पाळलं जातंय का, ते बघणं. त्यासाठी एक खुणेचा क्रमांक ठरवावा, जो चाचणीशिवाय कुठेही वापरला जाणार नाही. तो बरोबर रूपात, एक अंक चुकवून, मध्ये अक्षर घालून, एक अंक कमी करून, मोकळ्या जागा सोडून, असा सगळ्या तऱ्हांनी प्रणालीत टाकावा. मग उत्तरं, लॉग, एररची साधनं, तात्पुरत्या फाइल, सगळीकडे तो शोधावा. पूर्ण क्रमांक शोधून भागत नाही. त्याचे सलग चार-चार अंकांचे तुकडे करून एकेक तुकडा शोधावा, कारण मध्ये अक्षर किंवा मोकळी जागा पडलेला क्रमांक अख्खा शोधला तर सापडत नाही. `4820` हा तुकडा एखाद्या वेळेच्या किंवा आकाराच्या आकड्यात योगायोगाने सापडेलही. पण त्याच ओळीत `1376` सुद्धा दिसला, तर तो योगायोग नाही. मेसेज कुठल्या ओळीतून निघाला ते शोधायला घ्यायचं.